पावती एक, कामं दोन

*निपाणीजवळच्या एका वाचकाचं पत्र (नाव, गाव वगळून):*

"मी कागलच्या एमआयडीसीत कामाला आहे, राहायला निपाणीजवळच्या खेड्यात. पगाराचं खातं कागलच्या शाखेत आहे, मोबाइल नंबरही महाराष्ट्रातच घेतलेला. दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी घरी असताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'वाहन दंडाची पावती' अशी फाइल आली. मी ती उघडली आणि पाच मिनिटांत दोन वेळा मिळून १,८६,००० रुपये गेले. दीड तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला, त्याच रात्री cybercrime.gov.in या पोर्टलवर तक्रार पूर्ण केली. राज्य महाराष्ट्र, जिल्हा कोल्हापूर निवडला, कारण खातं तिकडचं. पुढे बँकेत कळलं की ६१,४०० रुपये 'होल्ड' झालेत. पोर्टलवर महिनाभर Under Process दिसत होतं, आता Closed दिसतंय. कोल्हापूरला विचारलं तर म्हणतात तुम्ही कर्नाटकातले. निपाणीत म्हणतात ही तक्रार कोल्हापूरची. आम्ही सीमेवरची मराठी माणसं, आम्हाला दोन्हीकडून असंच टोलवतात. एफआयआर असूनही ही गत. त्यात परवा सायबर सेलमधून फोन आला, ४,५०० रुपये फी भरली तर पैसे सुटतील म्हणाले. भरू का? की पोर्टलवर नवी तक्रार टाकू?"

---

नमस्कार दादा,

आधी फीचं सांगते. ते ४,५०० रुपये भरू नका, आणि त्या नंबरचा फोन पुन्हा उचलू नका. तक्रारीसाठी, होल्डसाठी किंवा पैसे परत मिळवण्यासाठी पोलिस फोनवरून फी मागत नाहीत. 'याला माझी तक्रार कशी कळली?' हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. फसवणारे तेच असतील तर त्यांना कळवायला कुणी लागत नाही, तुमचं नाव, नंबर आणि किती गेले हे त्यांच्यापाशी पहिल्या दिवसापासून आहे. तो नंबर, तारीख आणि वेळ मात्र वहीत टिपून ठेवा, पुढे अर्जात लागेल.

दुसरी गोष्टही आजच करा. ती फाइल म्हणजे बहुधा एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये बसणारं अ‍ॅप होतं. अशी अ‍ॅप्स तुमचे एसएमएस वाचतात आणि पुढे पाठवतात, म्हणून तर तुम्ही ओटीपी न सांगताही पैसे गेले. ते अ‍ॅप अजून फोनमध्ये असेल, तर पोर्टलवर तक्रारीची स्थिती बघताना येणारा ओटीपीही तिकडे जात असणार. आधी त्या फाइलचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाठवा, मग फोन फॅक्टरी रिसेट करून घ्या. तोवर सिम घरातल्या दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. पत्रात तुम्ही 'एफआयआर असूनही' असं लिहिलंय. तुम्ही पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. ती एफआयआर नाही. १४ अंकी आकडा आहे, वर Acknowledgement Number लिहिलंय. ती पोच आहे. तुमची माहिती पोर्टलवर पोहोचली आणि तिला ओळखीसाठी आकडा दिला, एवढंच ती सांगते. एफआयआरवर पोलिस ठाण्याचं नाव असतं, गुन्हा क्रमांक आणि वर्ष असतं, कुठल्या कायद्याची कोणती कलमं लावली ते असतं, आणि तुमची सही असते. यातलं काहीच तुमच्या कागदावर नाही. ही चूक तुमची एकट्याची नाही. माझ्याकडे येणाऱ्या दर चार-पाच पत्रांत एकजण पोच घेऊन 'गुन्हा दाखल झाला' या समजुतीत महिने घालवतो, आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. कारण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवायची जबाबदारी पोलिसांवर आहे, पण ते दिवस नुसत्या पोचपावतीवर मोजले जात नाहीत. आधी गुन्हा नोंदवला जावा लागतो.

त्या एका आकड्यामागे खरं तर दोन वेगळी कामं चालू असतात, आणि पोर्टलवरची ओळ त्यातल्या एकाचंच सांगते. हे नीट समजलं की Closed शब्दाची भीती बरीच कमी होईल.

पहिलं काम पैशाच्या मागे धावण्याचं. तुम्ही १९३० ला सांगितलेले व्यवहार, म्हणजे समजा ११:४२ चे ९९,००० आणि ११:४७ चे ८७,०००, हे त्यांच्या यूटीआरसह, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणाऱ्या वेगळ्या क्रमांकासह, तुमच्या बँकेकडे जातात. तुमची बँक सांगते की पैसे अमुक बँकेतल्या अमुक खात्यात गेले. मग त्या बँकेला सूचना जाते. तिथे रक्कम शिल्लक असेल तर बँक ती अडवते, यालाच होल्ड म्हणतात. पुढे गेली असेल तर कुठे गेली ते कळवते आणि सूचना तिसऱ्या बँकेकडे सरकते. एटीएममधून कुणी रोख काढली असेल तर साखळी तिथेच तुटते. हे सगळं पहिल्या काही तासांत होतं. तुमचे ६१,४०० अडले ते तुम्ही दीड तासात फोन केलात म्हणून. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर हा आकडा बहुधा शून्य असता.

दुसरं काम गुन्ह्याचं. तक्रार कुठल्या ठाण्याकडे जावी, तिथे कुणी वाचावी, गुन्हा नोंदवावा की नाही, हे पोलिसांकडून माणसांच्या हातांनी होतं, आणि पोर्टलवरची स्थितीही ठाण्यातला माणूस लॉगिन करून बदलतो. Registered म्हणजे तक्रार आली. Under Process म्हणजे ती कुणाच्या तरी यादीत आहे, इतकंच. तपास चालू आहे असा त्याचा अर्थ धरू नका, आणि काहीच होत नाही असाही धरू नका. FIR Registered दिसलं तरच गुन्हा नोंदवलाय, आणि तेव्हा लगेच ठाण्यात जाऊन एफआयआरची प्रत मागायची. ती विनामूल्य द्यावी असं त्याच संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. Rejected म्हणजे तक्रार या स्वरूपात घेतली नाही.

Closed हा शब्द सगळ्यात फसवा. 'पैसे बुडाले' किंवा 'तक्रार खोटी ठरली' असं काही तो सांगत नाही. त्या ठाण्यानं आपल्याकडची फाइल मिटवली, एवढाच त्याचा अर्थ. का मिटवली याची कारणं वेगवेगळी असू शकतात. एकाच घटनेच्या दोन तक्रारी आल्या म्हणून एक मिटवतात. तक्रारदार फोन उचलत नाही, बोलावल्यावर येत नाही म्हणून मिटवतात. देण्याघेण्याचा दिवाणी वाद आहे असं वाटलं म्हणून मिटवतात. हद्द आपली नाही म्हणूनही मिटवतात. तुमच्याशी कोल्हापूरच्या माणसानं जे बोलणं केलं, त्यावरून तुमचं कारण हे शेवटचं दिसतं. पण अंदाजावर राहू नका. पोचपावतीचा आकडा घालून 'तक्रार कोणत्या कारणानं बंद केली ते लेखी कळवावं' असा दोन ओळींचा अर्ज तिकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

आता दोन्हीकडून टोलवण्याबद्दल. तुमच्या शब्दांमागचा राग मला समजतो. सीमाभागात जन्म काढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. तरी या एका बाबतीत मला तुमचा निष्कर्ष पटत नाही. तुमची तक्रार मराठी माणसाची म्हणून अडलेली नाही. फॉर्म भरताना निवडलेल्या एका रकान्यानं ती अडवली. या पोर्टलचा नियम असा आहे की तुम्ही जे राज्य निवडता त्या राज्याच्या पोलिसांकडे तक्रार जाते. तुम्ही खात्याची शाखा बघून महाराष्ट्र निवडलं. तक्रार कोल्हापूरला गेली, तिथल्या माणसानं आधारवरचा पत्ता पाहिला आणि म्हणाला, हा तर कर्नाटकातला. निपाणीच्या ठाण्यातल्या माणसाला त्याच्या लॉगिनमध्ये तुमची तक्रार दिसतच नव्हती. दोघंही आपापल्या पडद्यावर जे दिसत होतं तेच बोलत होते. त्यांनी तुम्हाला वाट दाखवायला हवी होती, ती दाखवली नाही, हा दोष मात्र आहेच.

मग हद्द ठरते कशावरून? इथे बहुतेकांची समजूत तुमच्यासारखीच असते, की खातं जिथलं तिथली हद्द. फोनवरून किंवा संदेशातून केलेल्या फसवणुकीसाठी संहितेचं कलम २०२ वेगळं सांगतं. तो संदेश जिथून पाठवला किंवा जिथे मिळाला, तिथल्या न्यायालयात प्रकरण चालू शकतं. फाइल तुम्हाला रविवारी घरी, निपाणीजवळ मिळाली. म्हणजे बेळगाव जिल्ह्याची हद्द इथे भक्कम आहे. तुमचं सिम महाराष्ट्राचं, शाखा कागलची, कामही कागलला, यानं ती हद्द हलत नाही. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून रोज ये-जा करणाऱ्या आपल्या सगळ्याच वाचकांना मी हेच सांगेन. पोर्टलवर राज्य निवडताना 'फसवणूक झाली त्या वेळी मी कुठे होतो?' हा प्रश्न स्वतःला विचारा. फाइल तुम्हाला कागलच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत आली असती, तर महाराष्ट्र निवडणं बरोबर ठरलं असतं.

तुमच्यासमोर आता तीन वाटा आहेत. पहिली, कोल्हापूरलाच तक्रार पुन्हा उघडून घ्यायची किंवा कर्नाटकाकडे पाठवायला लावायची. पोलिसांच्या लॉगिनमधून तक्रार दुसऱ्या राज्याकडे सरकवता येते, त्यामुळे ही वाट बंद नाही. पण ती पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात आहे, आणि दोन महिने आधीच गेलेत. दुसरी वाट तुम्ही सुचवलेली, पोर्टलवर कर्नाटक निवडून नवी तक्रार टाकण्याची. ही मला सगळ्यात धोक्याची वाटते. तुमचे ६१,४०० रुपये अडलेत ते जुन्या आकड्यावर. नवा आकडा घेतलात तर त्याच्यामागे होल्ड नसेल, एकाच घटनेच्या दोन नोंदी होतील, आणि एखादी 'दुबार' म्हणून बंद होईल. कोणती, ते तुमच्या हातात नाही.

तिसरी वाट मला योग्य वाटते. जुना आकडा तोच ठेवायचा आणि स्वतः ठाण्यात जाऊन त्याच आकड्याच्या आधारे गुन्हा नोंदवून घ्यायचा. कुठल्या ठाण्यात? कर्नाटकात सायबर, आर्थिक गुन्हे आणि अमली पदार्थ यांच्यासाठी सीईएन नावाची वेगळी पोलिस ठाणी आहेत. तुमचं खेडं बेळगाव शहर पोलिस आयुक्तालयात येत नाही, म्हणून तुम्ही बेळगाव जिल्हा सीईएन ठाण्यात जायचं, शहराच्या नाही. नाव सारखं असल्यानं तिथेही लोकांचा एक हेलपाटा होतो. निपाणीच्या ठाण्यानं हे काम आपल्याकडे घेतलं नाही, त्याला थोडं कायद्याचं कारणही असू शकतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. पण तपास वेगळा आणि नोंद वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती ठाण्यात देता येते असं स्पष्ट आहे. यालाच लोक झीरो एफआयआर म्हणतात. बेळगावला जाणं जमणारच नसेल, तर निपाणीतही हे कलम सांगून नोंद मागता येईल. सुट्टी काढून जमत असेल तर मात्र थेट सीईएनला जा, पुढचा तपास तिथेच व्हायचाय.

अर्ज मराठीत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणं मांडताना संघात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. तरी मी तुम्हाला सांगेन की मराठी अर्जाला कानडी प्रत जोडा. हक्क सोडायचा म्हणून नाही. तपास करणाऱ्या माणसाला तुमची तक्रार स्वतः वाचता यावी म्हणून. तोंडी भाषांतरात वेळा आणि आकडे हमखास चुकतात, आणि तुमचं सगळं प्रकरण वेळा आणि आकड्यांवरच उभं आहे. गावातला एखादा शिक्षक अर्ध्या तासात लिहून देईल.

अर्जात पाल्हाळ नको. साधारण असं लिहा:

"दि. … रोजी रविवारी सकाळी मी माझ्या राहत्या घरी (गाव …, ता. निपाणी) असताना माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर क्रमांक … वरून फाइल आली. ती उघडल्यानंतर माझ्या खात्यातून ११:४२ वाजता ९९,००० रुपये (यूटीआर …) आणि ११:४७ वाजता ८७,००० रुपये (यूटीआर …) माझ्या संमतीविना गेले. मी त्याच दिवशी १९३० वर तक्रार केली, पोचपावती क्रमांक … . त्यातील ६१,४०० रुपये होल्ड असल्याचे बँकेकडून समजले. सदर तक्रार पोर्टलवर बंद दिसते. संदेश मला आपल्या हद्दीत मिळाला असल्याने गुन्हा नोंदवून घ्यावा, एफआयआरमध्ये वरील पोचपावती क्रमांक नमूद करावा आणि होल्ड कायम ठेवण्याबाबत संबंधित बँकेस कळवावे."

शेवटच्या वाक्यातल्या तीन मागण्यांपैकी मधली कधीच गाळू नका. एफआयआरमध्ये जुना आकडा आला नाही, तर उद्या न्यायालयात 'होल्डवरचे पैसे याच गुन्ह्यातले' हे जोडून दाखवताना दमछाक होते. सोबत त्या दिवसाचा शिक्क्याचा खातेउतारा, पोचपावती, स्क्रीनशॉट, आधारची प्रत आणि त्या फीवाल्या फोनचा नंबर ठेवा. यूटीआर उताऱ्यावरून बघून लिहा. मी बँकेत नोकरीला असताना एका माणसाचा होल्ड केवळ एक अंक चुकल्यानं लागला नव्हता, आणि ते कळलं तेव्हा खातं रिकामं झालेलं होतं.

तिथेही नाही म्हणाले तर वाद घालू नका. अर्जाच्या प्रतीवर पोच मागा, आणि कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमानुसार तोच अर्ज बेळगाव जिल्हा पोलिस अधीक्षकांना स्पीड पोस्टानं पाठवा. त्यानंतरही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

गुन्हा नोंदवला की पैशाचा प्रश्न. होल्ड म्हणजे परतावा नव्हे. पैसे फसवणाऱ्याच्या साखळीतल्या कुठल्या तरी खात्यात अडकलेत, तुमच्या खात्यात आलेले नाहीत, आणि बँक ते आपण होऊन पाठवणार नाही. तुमच्या एवढ्या रकमेसाठी संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करून रक्कम सोडवण्याचा आदेश घ्यावा लागतो. पोलिस आपलं म्हणणं देतात, न्यायालय आदेश देतं, तो बँकेला दाखवला की पैसे तुमच्या खात्यात येतात. लोक इथेच वकिलाच्या फीचा हिशेब करून मागे फिरतात. तुम्ही फिरू नका. तुम्ही कारखान्यातले कामगार आहात, आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील मिळणाऱ्यांच्या यादीत औद्योगिक कामगार आहेत. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातीचे लोकही आहेत. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय न्यायालयाच्या आवारात असतं, कारखान्याचं ओळखपत्र घेऊन तिथे जा.

हे ६१,४०० परत यायची आशा मला खरंच वाटते. उरलेल्या १,२४,६०० बद्दल मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. ते पुढे कुठे गेले, रोख काढले की अजून एखाद्या खात्यात आहेत, हे पोलिसांच्या लॉगिनमध्ये खात्यागणिक दिसतं. सीईएनमध्ये बसलात की 'रक्कम शेवटी कुठल्या खात्यापर्यंत गेली आणि तिथे काय झालं?' हा प्रश्न जरूर विचारा. उत्तरात 'एटीएममधून काढली' आलं तर ती रक्कम आरोपी सापडल्याशिवाय येणं अवघड. 'अमुक खात्यात पडून आहे' असं आलं, तर तिथेही होल्ड मागता येतो, आणि तो त्याच दिवशी मागा.

बँकेकडची तक्रारही वेगळी करावी लागते हे लक्षात ठेवा. १९३० चा आकडा म्हणजे बँकेला दिलेली तक्रार नव्हे. माझ्या संमतीविना व्यवहार झाले असं लेखी पत्र कागलच्या शाखेला द्या. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तुम्ही फाइल उघडलीत म्हणून बँक निष्काळजीपणाचा मुद्दा काढेल, त्यामुळे इथून फार मिळेल असं मी म्हणत नाही. पण पत्र गेलेलं असलं पाहिजे.

सीईएनला जाण्याच्या आदल्या दिवशी cybercrime.gov.in वर स्वतः आकडा घालून स्थिती बघा, त्या पानाची छापील प्रत काढा आणि वरती तारीख लिहा. गुन्हा क्रमांक मिळाला की मला कळवा, न्यायालयातला अर्ज कसा मांडायचा ते त्या कागदावरून पुढच्या वेळी सांगते.